आधी कान, मग क्लास

जून लागला की माझ्याकडे नव्या मुलांना घेऊन पालक येऊ लागतात. मी गाणं शिकवते. त्या वर्षी साडेसहा वर्षांच्या मुलीला घेऊन एक आई आली होती. मुलीला टीव्हीवरची गाणी अथपासून इतिपर्यंत पाठ होती. तिनं एक गाणं हातवाऱ्यांसकट म्हणून दाखवलं, तालही बऱ्यापैकी सांभाळला. मग मी पेटीवर एक सूर धरला आणि तिला म्हटलं, "असा 'आ' लाव बघू." तिनं लावला, पण वेगळाच. मी सूर बदलला, तरी तिचा 'आ' होता तिथेच राहिला. आपला सूर पेटीशी जुळत नाहीये, हे तिच्या गावीही नव्हतं.

मी आईला म्हटलं, "सहा महिन्यांनी आणा." आईचा चेहरा पडला. मुलीला गळा नाही, असं मी सांगतेय असं तिला वाटलं. मला म्हणायचं होतं ते एवढंच, की मुलीचा कान अजून तयार होतोय आणि त्याला थोडा वेळ द्यायला हवा. मूल शिकायला तयार आहे का, हे मी सगळ्यात आधी कानावरून ठरवते. गळा पुढे शिकवून तयार करता येतो. पण आपण लावलेला सूर आणि समोरचा सूर यांतला फरक ज्याला ऐकू येत नाही, त्या मुलाला चूक सांगून उपयोग होत नाही. नेमकं काय चुकलं हेच त्याला कळत नाही, आणि मग 'आपल्याला जमत नाही' एवढंच त्याच्या मनात बसतं.

पूर्वी मुलं गुरूच्या घरी राहून शिकत, तेव्हा प्रत्यक्ष तालीम सुरू होण्याआधी कानावर भरपूर गाणं पडलेलं असे. १९०१ साली विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि गाणं ठरलेल्या वेळी, वर्गात बसून, पायरीपायरीनं शिकण्याची वाट सामान्य घरांतल्या मुलांना खुली झाली. आजचे आपले क्लास त्याच वाटेवरचे आहेत. मात्र आठवड्यातून दोनदा पाऊण तास भरणाऱ्या वर्गात नुसतं ऐकण्याचे ते दिवस मिळत नाहीत. ते घरानंच द्यावे लागतात.

घरच्या घरी काय पाहावं

वयाचा आकडा मी सांगत नाही. पहिली-दुसरीतली बरीच मुलं तयार असतात, काही त्याआधी होतात, काहींना आणखी दोन वर्षं लागतात. पालकांना चार गोष्टी घरी पाहता येतात.

पहिली गोष्ट सुराची. मुलाला आवडतं गाणं वाद्याशिवाय गुणगुणू द्या. तो ज्या उंचीवर गातो, तिथलाच एक सूर तुम्ही 'आ'कारात लावा आणि त्याला तुमच्यासारखा लावायला सांगा. हे शक्यतो आईनं, ताईनं किंवा पेटीवर करावं. बाबांचा आवाज एक सप्तक खाली असतो, त्यामुळे तोच सूर नेमका कुठे लावायचा याचा लहान मुलांचा गोंधळ होतो. वेगवेगळे पाच-सहा सूर द्या. निम्म्याहून जास्त जुळले, किंवा न जुळलेला सूर मुलानं आपणहून सरकवून जुळवला, तर कान जागा आहे. हे सरकवणं अचूकपणापेक्षाही महत्त्वाचं, कारण फरक ऐकू आल्याशिवाय कुणी सूर सरकवत नाही.

दुसरी गोष्ट लयीची. चालण्याच्या गतीनं एक-दोन-तीन-चार म्हणत दोघांनी मिळून टाळ्या द्या. मग तुम्ही थांबा आणि मुलाला चालू ठेवू द्या. आठ-दहा टाळ्या सारख्या अंतरानं पडल्या तरी पुरे. अगदी सावकाश लय मात्र धरायला लावू नका. लहान मुलांना जलद लयीपेक्षा संथ लय कठीण जाते.

तिसरी गोष्ट ऐकून थांबण्याची. 'सा रे ग रे' एवढाच तुकडा म्हणा. मुलानं तो संपेपर्यंत थांबून मग म्हणायचा. जिथे चुकलं तिथली एकच दुरुस्ती सांगा आणि पुन्हा म्हणायला सांगा. दुसऱ्या वेळी ते दुरुस्त करायचा प्रयत्न करतं, रडवेलं होतं की पळून जातं, ते पाहा. क्लासमध्ये वेळ यातच जातो: ऐकणं, म्हणणं, दुरुस्ती आणि पुन्हा म्हणणं. दहा-बारा मिनिटं हा खेळ चालला, तर मूल वर्गात बसू शकेल.

चौथी गोष्ट ओढीची, आणि ती एका दिवसात कळत नाही. दोन-तीन आठवडे नुसतं लक्ष ठेवा. कुणी न सांगता मूल गाण्याकडे वळतं का? खेळताना तेच ते कडवं घोळवतं का? दुसरं कुणी गात असलं की जवळ येऊन बसतं का? पाहुण्यांसमोर गाऊन दाखवण्याची हौस वेगळी, ती टाळ्यांची असते. एकटं असताना मूल काय करतं, त्यावरून ओढ कळते.

गाणी हुबेहूब म्हणता येणं म्हणजे शिक्षण झालं, असंही समजू नये. कुमार गंधर्व लहानपणीच मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तशाच्या तशा गाऊन दाखवत. इतक्या विलक्षण मुलालाही पुढे मुंबईला बी. आर. देवधरांकडे बसून शिकावं लागलंच.

सहा महिन्यांचं काम

त्या मुलीच्या आईला मी रोजची दहा मिनिटं नेमून दिली. मोबाइलवर तानपुरा लावायचा, मुलगी ज्या सुरात गुणगुणते त्या सुरात. त्यावर दोघींनी आळीपाळीनं लांब 'आ' लावायचा. कधी आईनं मुद्दाम चुकीचा लावायचा आणि मुलीनं पकडायचा. हा खेळ मुलीला फार आवडला. आईची चूक पकडता पकडता तिला स्वतःची ऐकू येऊ लागली. डिसेंबरात ती परत आली, तेव्हा सहापैकी चार सूर पटकन जुळले. पाचवा तिनं सरकवून जुळवला. आम्ही भूप सुरू केला. सा रे ग प ध या पाचच स्वरांचा राग, मध्यम-निषाद वर्ज्य, म्हणून लहानांना सोपा जातो.

"मला नाही जायचं"

तिसऱ्या महिन्यात तिनं क्लासला यायचं नाव टाकलं. क्लासच्या दिवशी पोटात दुखू लागलं. माझ्यासमोर ती बरी गायची, घरी मात्र रियाजाला बसली की पाच मिनिटांत रडारड. आई वैतागून म्हणाली, "बाई, आळस आहे हो नुसता."

मी घरचा रियाज फोनवर रेकॉर्ड करून आणायला सांगितला. ऐकताक्षणी उलगडा झाला. आई स्वतः थोडं गायची, काळी चारमध्ये. तानपुरा त्याच पट्टीत लावलेला होता. त्या पट्टीत भूपाचा मंद्र धैवत मुलीला इतका खाली पडत होता, की आवाजच फुटत नव्हता. आई म्हणत होती, "मोठ्यानं म्हण, तोंड उघड." मुलगी मान ताणून ढकलत होती आणि घसा दुखत होता. माझ्याकडे तिची पट्टी पांढरी एक होती, म्हणजे पेटीवर चार पट्ट्या वर. घरचा तानपुरा तिथे नेला आणि आठवड्याभरात रडणं थांबलं.

मुलांची पट्टी ठरवायची एक साधी रीत आहे. मुलाला हळूहळू खाली उतरवत न्या. आवाज स्पष्ट निघतो असा सगळ्यात खालचा सूर शोधा आणि 'सा' त्याच्या दोन-तीन सूर वर ठेवा, म्हणजे मंद्रात थोडी जागा राहते. मग वरचा 'सा' मान न ताणता लागतो का ते पाहा. गळ्याच्या शिरा दिसू लागल्या, खांदे उचलले गेले, हनुवटी वर गेली, तर पट्टी चुकली आहे किंवा मूल ओरडतंय. सर्दी-खोकल्यात जोर लावून गाऊ देऊ नका. घोगरेपणा दोन-तीन आठवडे टिकला, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

म्हणून मूल 'नको' म्हणालं, की आळस हा शब्द शेवटी काढावा. आधी कारण शोधावं. क्लासला जाताना पोटात भूक असते का? वीस मुलांत त्याचा एकट्याचा आवाज कुणी ऐकतं का? परीक्षेसाठी घाईनं पुढचे राग चढवले जातायत का? शिक्षक सगळ्यांदेखत टाकून बोलतात का? यांतलं काही असेल तर ते बदलता येतं. यांतलं काहीच नसेल आणि मुलाला खरोखर थांबायचं असेल, तर रडण्याच्या दिवशी निर्णय घेऊ नका. हातातली बंदिश पूर्ण होईपर्यंत जाऊ या, मग तू सांग, असं ठरवा. आणि तेव्हाही 'नको' आलं, तर ते ऐका.

रियाजाला आईबाबांनी कसं बसावं

सात-आठ वर्षांच्या मुलाला रोज दहा ते पंधरा मिनिटं पुरतात. रविवारच्या एका तासापेक्षा रोजची दहा मिनिटं कान जास्त तयार करतात. वेळ घड्याळाला बांधण्यापेक्षा एखाद्या कामाला जोडावी, दूध पिऊन झाल्यावर किंवा दिवेलागणीला, म्हणजे रोज आठवण करावी लागत नाही. त्या मुलीचा रियाज आम्ही असा लावला: दोन मिनिटं नुसता 'सा', पाच मिनिटं एकच पलटा सावकाश, मग बंदिशीची एकच ओळ. शेवटी तिला हवं ते गाणं, कुठलंही.

आईचं काम ऐकण्याचं. "तीनदा चुकलीस" असं मोजण्याऐवजी तिनं रोज एकच प्रश्न विचारायचा, "आज कुठली जागा अवघड गेली?" त्या जागेचं उत्तर शिक्षक देतील. घरात दुसरा शिक्षक झाला, की मुलाला दोन्हीकडे परीक्षा द्यावी लागते.

आणखी एक सवय मी आवर्जून मोडायला सांगते, रियाज केला की चॉकलेट. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. मुळातच चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना त्यांनी आधीच सांगितलं, की चित्र काढलं तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळात ही मुलं इतरांपेक्षा कमी चित्रं काढताना दिसली. ज्यांना बक्षीस न सांगता अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र घटली नव्हती. रियाजाला चॉकलेट बांधलं, की मुलाच्या मनात गाणं चॉकलेटची किंमत होऊन बसतं. त्यापेक्षा एखाद्या दिवशी छान सूर लागला, तर "आत्ता तो गंधार ऐकलास? तानपुऱ्यात मिसळून गेला," एवढं सांगा. काय चांगलं झालं ते कळलं, की मूल ते पुन्हा शोधतं.

ती मुलगी आता तिसऱ्या वर्षात आहे. मागच्या आठवड्यात आई सांगत होती, स्वयंपाक करताना तिनं सहज एक ओळ गुणगुणली, तर आतून आवाज आला, "आई, तुझा धैवत उतरलाय गं."