दीड गुणाने राहिलेला मित्र

राज्यसेवा पूर्व परीक्षेतलं अपयश एका दिवसात कळत नाही. आधी उत्तरतालिका येते. मुलं आपापले गुण मोजतात आणि यंदा अवघड आहे हे अनेकांना तेव्हाच उमगतं. मग निकालाच्या पीडीएफमध्ये आपला बैठक क्रमांक शोधायचा आणि तो नाही हे पाहायचं, एवढंच उरतं. म्हणजे आपण फोन करतो तोवर आपल्या मित्राने प्रत्येक चूक दहादा मोजलेली असते.

सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसणारा माझा मित्र दीड गुणाने राहिला. सामान्य अध्ययनाचा एक प्रश्न दोन गुणांचा, म्हणजे एका प्रश्नाहूनही कमी. दिवसभर त्याला फोन येत राहिले. "क्लास बदल." "बँकेच्या परीक्षा दे." "काहीतरी हाताशी ठेवायला हवं होतंस." यातला एकही सल्ला चुकीचा नव्हता. पण प्रत्येक सल्ल्यात 'तुला हे सुचलं नाही' हे वाक्य न बोलता येतंच. मग तो प्रत्येकाला आपली बाजू समजावत बसला. ज्याला आधार हवा होता, त्यालाच दिवसभर खुलासे द्यावे लागले.

त्याच्या रूममेटने मात्र एवढंच म्हटलं, "फार वाईट झालं रे." मेसमधून दोघांचे डबे आणले. संध्याकाळी विचारलं, "घरी फोन करताना मी इथे थांबू की बाहेर जाऊ?" त्या दिवसातलं सगळ्यात जड काम घरी सांगणं हेच होतं, आणि ते त्याने ओळखलं होतं.

नियाल बोल्जर आणि सहकाऱ्यांनी २००० साली न्यूयॉर्कच्या वकिलीच्या परीक्षेची तयारी करणारे आणि त्यांचे जोडीदार यांच्या रोजच्या नोंदी अभ्यासल्या. जोडीदाराने मदत केली, पण घेणाऱ्याला ती मदत म्हणून जाणवली नाही, तेव्हा तिचा उपयोग सर्वांत चांगला झाला. हा अभ्यास परीक्षेआधीच्या दिवसांचा होता, निकालानंतरचा नव्हे. तरी त्या डब्यांचं मोल मला त्यातून कळलं.

मग सल्ला कधीच द्यायचा नाही का? द्यायचा, पण मागितल्यावर. पहिल्या दिवशीचं "आता काय करू?" हा बहुधा प्रश्न नसतो, तो उसासा असतो. त्यावर "तुझ्या मनात काय आहे?" असं विचारावं आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहावं. "या पेपरात माझं कुठे चुकलं, बघतोस का?" असं त्याने नेमकं विचारलं, की मोकळेपणाने बोलावं.

एका बाबतीत मात्र थांबू नये. जगण्यात अर्थ नाही असं तो बोलू लागला, तर त्याला एकटं सोडू नका. त्याच्या घरच्यांना कळवा आणि टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर त्याच्यासोबत बसून फोन लावा.

आठवड्याभरात फोन बंद झाले. दहाव्या दिवशी रूममेट त्याला पर्वतीवर घेऊन गेला. पायऱ्या चढताना परीक्षेचा विषय मित्रानेच काढला. तुमचाही कुणी मित्र असा राहिला असेल, तर त्याला दहाव्या दिवशी एक फोन नक्की करा.