तीस ओळींच्या दोन

पॅरिसच्या मेट्रो स्थानकात दिसलेल्या चेहऱ्यांवर एझरा पाउंडने आधी तीस ओळींची कविता लिहिली आणि नष्ट केली. सहा महिन्यांनी ती निम्मी झाली. आणखी वर्षभराने दोनच ओळी उरल्या. १९१३ मध्ये ‘पोएट्री’ मासिकात त्या छापताना शब्दगटांमध्ये मोकळ्या जागा सोडल्या होत्या. शब्द गेले, थांबे राहिले.

मुक्तछंदात कात्री कुठे चालवायची? समजा, ओळी अशा आहेत:

आणि मग त्या उदास अंगणात
ओली साडी हळूहळू हलत होती

‘आणि मग त्या’ने चित्रात भर पडत नाही. ‘उदास’ हा खुलासा आहे. ‘हळूहळू’ मात्र ओळीची गती रोखतो. तो काढला, तर थांबा ओळ तोडून परत द्यावा लागतो:

अंगणात
ओली साडी
हलत होती

‘ओली’ काढली, तर साडीचं वजनच जातं. तिथे कात्री थांबते.