गोळी चालू आहे, पण रक्त वाढत का नाही?

आमच्या मंडळातल्या एका मैत्रिणीचं हिमोग्लोबिन ९२ निघालं. इथे ब्रिटनमध्ये आकडा लिटरमागे देतात, म्हणजे आपल्या भारतातल्या रिपोर्टप्रमाणे ९.२. वय ४२, पाळीत अंगावरून खूप जाणं हे कारण. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली, रोज एक. महिन्यानंतर आकडा जेमतेम ९६! नीट चालू असेल तर महिन्याभरात साधारण २० तरी वाढायला हवा.

चौकशी केली तेव्हा कळलं की गोळी नाश्त्यानंतर, चहाच्या घोटाबरोबर घेतली जायची. चहा-कॉफी आणि दूध लोह शोषू देत नाहीत. मग तिने सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, पाण्याबरोबर गोळी सुरू केली आणि चहा तासाभराने. लिंबूपाणी चालेल, पण त्याची सक्ती नाही. कॅल्शियम किंवा अ‍ॅसिडिटीच्या औषधात दोन तासांचं, थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर ठेवावं. पुढच्या महिन्यात आकडा ११४ झाला.

पण आता पोट साफ होईना. अशा वेळी बरेच जण गोळीच सोडतात. त्याऐवजी भरपूर पाणी, भाजी-फळं, रात्री इसबगोल असं करून पाहावं. तरीही त्रास झाला तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड गोळी घेता येते. एक गोळी घेतली की पुढचा दिवसभर शरीर लोह कमीच आत घेतं, त्यामुळे एक दिवसाआड घेऊनही फारसं नुकसान होत नाही. उलट, लवकर बरं वाटावं म्हणून दोन-दोन गोळ्या घेतल्या तर रक्त दुप्पट वाढत नाही, त्रास मात्र वाढतो.

शौचाला काळं होतं म्हणूनही ती घाबरली होती. न शोषलेल्या लोहामुळे तसं होतंच. मात्र डांबरासारखं चिकट आणि फार दुर्गंधी असेल, किंवा लाल रक्त दिसलं, तर लगेच डॉक्टर गाठावा.

तिसऱ्या महिन्यात आकडा १२६ आला. "झालं, आता गोळी बंद!" असं ती म्हणाली. इथेच खरी चूक होते. मागच्या वेळीही तिने इथेच थांबवलं होतं आणि वर्षभरात पुन्हा दम लागायला लागला होता. रक्त भरलं तरी शरीरातला लोहाचा साठा रिकामाच असतो. तो भरायला आणखी तीन महिने गोळी लागते. म्हणजे सगळे मिळून सहा महिने धरून चालावं.

शेवटी दोन गोष्टी. पुरुषांमध्ये किंवा पाळी गेलेल्या बायकांमध्ये लोह कमी निघालं, तर पोटात कुठे रक्तस्राव होतोय का हे तपासून घ्यावंच. नुसत्या गोळीवर भागवू नये. आणि डबी मुलांच्या हाती लागू देऊ नका. लहान मुलाने या गोळ्या खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं.