कडं चांदीचं की जर्मन सिल्व्हरचं?

जुन्या पेटीत पांढऱ्या धातूचं एक जाड, भरीव वाटणारं कडं सापडलं आहे. ते चांदीचं असेल किंवा तांबं, जस्त आणि निकेल यांच्या मिश्रणातून बनणाऱ्या जर्मन सिल्व्हरचं. नुसत्या नजरेला हा फरक सहजी कळत नाही. वजनकाट्याला मात्र कळतो, कारण चांदीची घनता 10.5 आहे आणि जर्मन सिल्व्हरची साधारण 8.6. म्हणजे एक घन सेंटिमीटर चांदी 10.5 ग्रॅम भरते.

अडचण एवढीच, की नक्षीदार कड्याचं आकारमान मोजायचं कसं? वस्तू पाण्यात बुडवली, की तिनं बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं तिचं वजन घटतं, हा आर्किमिडीजचा नियम. एक घन सेंटिमीटर पाणी जवळजवळ एक ग्रॅम भरतं. त्यामुळे वजनात जितक्या ग्रॅमची घट, तितके घन सेंटिमीटर आकारमान.

आधी कडं कोरडंच तोला. समजा, ते 126 ग्रॅम भरलं. आता काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा. कडं बारीक दोऱ्यानं हातात धरून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. पाणी कड्याला जितकं वर ढकलतं, तितकंच कडं पाण्याला खाली दाबतं. म्हणून काट्यावर दिसणारा आकडा हीच वजनातली घट असते. चांदीसाठी हा आकडा 126 भागिले 10.5, म्हणजे 12 यायला हवा. आपल्याला 14.6 दिसला. 126 ला 14.6 नं भागलं, की घनता येते 8.6. एक ग्रॅमपर्यंतच मोजणारा स्वयंपाकघरातला काटाही इथे 14 किंवा 15 दाखवेल. 12 आणि 15 मधला फरक त्यालाही चुकत नाही.

तरी लगेच निकाल देऊ नये. कडं तळाला टेकलं किंवा नक्षीत हवेचे बुडबुडे अडकले, तर आकडा वाढतो आणि धातू आहे त्यापेक्षा हलका भासतो. पाण्यात साबणाचा थेंब टाकून, कडं हलवून पुन्हा मोजावं. आकडा खाली आला, तर दोष बुडबुड्यांचा होता. पण आतल्या पोकळीत लाख भरलेली असेल, तर अस्सल चांदीही 8.6 दाखवू शकते. शिवाय पितळेची घनताही याच्या आसपासच असते. त्यामुळे 8.6 या आकड्यावरून ‘ही भरीव चांदी नाही’ एवढं ठामपणे म्हणता येतं. ते जर्मन सिल्व्हर आहे, हा रंगाच्या आधारे केलेला अंदाज.

सोन्याच्या बाबतीत ही पद्धत एका ठिकाणी फसते. सोन्याची घनता 19.3 आणि टंगस्टनची 19.25, म्हणून आत टंगस्टन घातलेली सोन्याची लगड पाण्यात ओळखू येत नाही. सराफांकडचं क्ष-किरण यंत्रही धातूचा फक्त वरचा पातळ थर वाचतं. मुलामा दिलेल्या पितळेला ते सोनं म्हणू शकतं, आणि ती चूक पाण्यातलं वजन पकडतं, कारण त्यात वस्तू आतपर्यंत मोजली जाते.