मेजर, मायनर, थर्ड, कॉर्ड... नोटेशन येत नसलं तरी पेटीच्या पट्ट्या मोजून हे सगळं कळतं

कीबोर्डचा किंवा गिटारचा क्लास लावला की पहिल्याच आठवड्यात हातात थिअरीचा एक कागद पडतो. त्यावर पाच रेषा, त्यांवर लटकलेले ठिपके आणि शेजारी स्केल, इंटरव्हल, कॉर्ड असे शब्द. नोटेशन वाचता न येणारा माणूस इथेच अडकतो.

पण या तिन्ही शब्दांमागे एकच गोष्ट आहे, ती म्हणजे एका पट्टीपासून दुसरी पट्टी किती घरं लांब आहे. ते मोजायला पेटी किंवा मोबाईलवरचं पियानोचं ॲपही पुरतं.

आधी पट्ट्यांची नावं

काळ्या पट्ट्या दोन आणि तीनच्या गटात असतात. दोनच्या गटाच्या लगेच डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे आपली पांढरी एक. कागदावर तिला 'सी' म्हणतात. तिथून पांढरी दोन म्हणजे डी, तीन म्हणजे ई, मग एफ, जी, ए आणि पांढरी सात म्हणजे बी. त्यानंतर पुन्हा वरचा सी येतो.

मोजताना काळी पट्टीही धरायची आणि जिथून सुरुवात केली ती पट्टी मोजायची नाही. पांढरी एक ते काळी एक हे एक घर, पांढरी एक ते पांढरी दोन ही दोन घरं. पांढरी तीन आणि चारच्या मध्ये काळी पट्टीच नाही, म्हणून तिथे एकच घर. पांढरी सात आणि वरच्या पांढरी एकमध्येही तसंच.

स्केल म्हणजे उड्यांचा क्रम

कागदावर मेजर स्केलपुढे 'होल, होल, हाफ, होल, होल, होल, हाफ' असं लिहिलेलं असतं. होल म्हणजे दोन घरं, हाफ म्हणजे एक. म्हणजे उड्या झाल्या २-२-१-२-२-२-१.

पांढरी एकपासून या उड्या मारल्या तर सगळ्या पांढऱ्याच पट्ट्या येतात. कानाला ऐकू येतो तो शुद्ध स्वरांचा सा रे ग म, म्हणजेच बिलावल थाट. पांढरी दोनला सा धरून त्याच उड्या मारल्या तर मात्र ग साठी काळी तीन आणि नी साठी वरची काळी एक लागते. पट्ट्या बदलल्या, पण उड्या त्याच राहिल्या म्हणून चालही तीच राहते.

इंटरव्हलमध्ये गोंधळ कुठे होतो?

इंटरव्हल म्हणजे दोन सुरांमधलं अंतर. सी ते ई ला कागद 'मेजर थर्ड' म्हणतो. थर्ड म्हणजे तीन, पण मोजली तर घरं चार निघतात. मग चुकतंय कोण?

कोणीच नाही. इथे दोन वेगळी मोजमापं आहेत. 'थर्ड' हा आकडा अक्षरं मोजतो आणि त्यात सुरुवातीचं अक्षरही धरतो: सी, डी, ई, म्हणून तीन. 'मेजर' आणि 'मायनर' हे शब्द घरं सांगतात.

डी, ई, एफ हीसुद्धा तीन अक्षरं, म्हणून डी ते एफ हाही थर्डच. पण घरं मोजली तर तीनच, म्हणून तो मायनर थर्ड. आपल्याकडे सा ते शुद्ध ग ही चार घरं आणि सा ते कोमल ग ही तीन घरं असतात, तोच हा फरक.

कॉर्ड म्हणजे दोन अंतरं एकावर एक

साध्या कॉर्डमध्ये तीन सूर असतात. खालून आधी ४ आणि मग ३ घरं घेतली की मेजर कॉर्ड. आधी ३ आणि मग ४ घेतली की मायनर. सी मेजर म्हणजे पांढरी एक, तीन, पाच.

इथेच शिकणारा एक हमखास चूक करतो. 'एक सोडून एक पांढरी' हा बोटांचा आकार लक्षात ठेवतो आणि डी मेजरसाठी पांढरी दोन, चार, सहा दाबतो. मोजून पाहिलं तर दोन ते चार ३ घरं, चार ते सहा ४ घरं. म्हणजे वाजला डी मायनर! गाणं अचानक उदास का वाटतंय, ते त्याला कळत नाही.

दुरुस्ती फक्त मधल्या बोटाची आहे. पांढरी चारऐवजी काळी तीन दाबली की ४ आणि ३ जमतात. दोन्ही कॉर्ड पाठोपाठ वाजवले की फरक लगेच ऐकू येतो.

एक अपवाद लक्षात ठेवायचा

कागदावर कधी कधी सी मेजरचे सूर ई, जी, सी अशा क्रमाने येतात. मोजलं तर ३ आणि ५ घरं, म्हणजे हिशोब बसत नाही. कॉर्ड तोच असतो, फक्त खालचा सी उचलून वर ठेवलेला असतो. तो पुन्हा खाली आणला की ४ आणि ३ परत मिळतात.