कुंडी तीच, झाड नवे

बाल्कनीच्या फोटोतल्या कुंडीत जास्वंदीऐवजी अरेका पाम बसवायचा, तर जास्वंद खोडण्याइतकेच तिची फरशीवरची सावली पुसणेही गरजेचे असते. ती राहिली, तर पामच्या झावळ्यांखाली रुंद पानांची सावली दिसते आणि बनाव उघडा पडतो. शेजारच्या उन्हातल्या फरशीचा तुकडा तिथे आणताना सांध्यांच्या रेषा जुळवाव्या लागतात.

पामचा फोटोही त्याच बाजूच्या उन्हात काढलेला हवा. पानांवरचा उजेड नंतर फिरवणे अवघड असते. नवी सावली पामच्याच आकृतीपासून करतात. तिची प्रत काळी करून फरशीवर आडवी तिरकी पाडायची आणि Multiply पद्धतीने मिसळायची. दिशा व लांबी कठड्याच्या गजांच्या सावलीवरून ठरते. भिंत आडवी आली, तर सावली तिथे मोडून वर चढते. सूर्य आकाशात सुमारे अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे सावलीची कड अंतरासोबत पसरते: पान फरशीपासून एक मीटर दूर असेल, तर साधारण एक सेंटिमीटर. म्हणून बुंध्याजवळची सावली रेखीव आणि शेंड्याची धूसर ठेवतात. शुद्ध काळा रंग खोटा वाटतो. उघड्या आकाशाखालच्या सावलीत किंचित निळसर झाक असते.

खरी फसगत मातीपाशी होते. बुंधा सरळ रेषेत कापला, तर झाड तरंगते. मूळ फोटोतले दोन-चार ढेकळे, वाळके पान बुंध्यापुढे आणायचे आणि सांध्यावर अगदी अरुंद, गडद सावली द्यायची.