स्टीम घेण्याआधी तारीख मोजा!

मालेगावच्या थंडीत बंबातल्या कडकडीत पाण्याशिवाय आंघोळ कसली? पण दिवस राहिले की घरातल्या मोठ्या बायका सांगतात, गरम पाणी जपून. मग जिममधली स्टीम, रिसॉर्टमधला हॉट टब, सौना यांचं काय? आणि बंबाचं पाणीही बंद करायचं का?

आधी एक हिशेब करू. समजा, मालेगावच्या एका नोकरदार मैत्रिणीची पाळी १ जानेवारीला आली आणि तिची पाळी २८ दिवसांची आहे. म्हणजे गर्भधारणा साधारण १५ जानेवारीला. पुढची पाळी २९ जानेवारीला अपेक्षित. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीतून तयार होतात, ती नळी गर्भधारणेनंतर २८ दिवसांत, म्हणजे १२ फेब्रुवारीपर्यंत मिटते. पाळी चुकली, 'प्रवासामुळे असेल' म्हणून टेस्ट लांबवली आणि त्याच वीकएण्डला ती रिसॉर्टवर गेली, तर नेमका हाच नाजूक काळ गाठला जातो.

या दिवसांत पेशी भराभर वाढत असतात आणि जास्त उष्णतेने त्या वाढीत अडथळा येऊ शकतो. म्हणून आईच्या शरीराच्या आतलं तापमान ३९ अंशांच्या आसपास जाऊ नये, असं डॉक्टर सांगतात. १९९२ साली अमेरिकेत २३ हजारांहून अधिक गर्भवतींची माहिती तपासली गेली. सुरुवातीच्या आठवड्यांत हॉट टब वापरणाऱ्यांच्या बाळांमध्ये या नळीचे दोष जास्त आढळले. अर्थात मुळात हे दोष क्वचितच होतात, त्यामुळे वाढलेला धोकाही तसा लहानच.

मग बादलीचं काय? तांब्यातांब्याने पाणी घेताना अंग मोकळं असतं, हवा लागते, घाम वाळतो आणि शरीर थंड होतं. टबमध्ये मात्र मानेपर्यंत बुडालं की घाम वाळायला जागाच नाही. ४० अंशांच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटांत शरीर तापू लागतं. स्टीम रूमचंही तसंच, दमट हवेत घाम नुसता ओघळतो. म्हणून बादलीचं पाणी सोसेल इतपत कोमट असेल तर चालेल. सर्दीसाठी तोंडावर वाफ घेतली तरी सगळं अंग तापत नाही.

बाळ होण्याचा विचार सुरू असेल तर स्टीम, सौना, हॉट टब टाळलेलेच बरे. चक्कर, धडधड, मळमळ ही शरीर तापल्याची खूण. लगेच बाहेर या, पाणी प्या. ताप आला तरी हाच नियम, अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. फॉलिक अॅसिडची गोळी गर्भधारणेच्या आधीपासून घ्या.

आणि कळण्याआधी एखादी स्टीम होऊन गेली असेल तर? घाबरू नका, डॉक्टरांना तारखेसह सांगा. १८ ते २० आठवड्यांच्या सोनोग्राफीत बाळाचा मणका नीट पाहता येतो.